बर्फ कारखान्यातला तासमीटर आणि 24LC256: पेज, पोलिंग आणि झीज

प्रश्न: हर्णैजवळच्या एका बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर किती तास चालला हे मोजणारा मीटर बनवून बसवलाय. आर्डुइनो नॅनो आणि 24LC256 ही मेमरी चिप. दर १० सेकंदांनी २४ बाइटचा रेकॉर्ड पत्ता ४८ पासून सेव्ह करतो. आधी एकेक बाइट लिहून प्रत्येकामागे `delay(10)` देत होतो. चार महिन्यांनी लाइट जाऊन आली की तास चुकीचे दिसायला लागले. नवीन चिप टाकली आणि सगळा रेकॉर्ड एकदम लिहायला लागलो, तर आता शेवटचे दोन आकडे 4294967295 येतात आणि पत्ता ० वर ठेवलेला मशीन नंबर उडतो. चिप डुप्लिकेट आहे का? `delay(10)` ठेवू की काढू? आणि ते वेअर लेव्हलिंग नक्की कसं करतात?

उत्तर: चिप डुप्लिकेट असेलही, पण ही दोन्ही लक्षणं अस्सल चिपसुद्धा हुबेहूब अशीच दाखवेल. तेव्हा दुकानदाराशी भांडण्याआधी पत्ता ४८ कडे बघा. सगळं तिथून सुरू होतंय.

या चिपमध्ये ३२,७६८ बाइट आहेत आणि त्यांची ६४-६४ ची ५१२ पेजेस पाडलेली आहेत. ० ते ६३ हे पहिलं पेज, ६४ ते १२७ दुसरं, असं पुढे. तुम्ही एकदम लिहायला जे बाइट पाठवता ते आधी चिपच्या आतल्या ६४ बाइटच्या बफरमध्ये साठतात आणि तुम्ही स्टॉप दिलात की मग ते पेज खऱ्या अर्थाने लिहिलं जातं. बाइट येत असताना पत्त्याचे फक्त खालचे सहा बिट पुढे सरकतात, वरचे जागचे हलत नाहीत. त्यामुळे ६३ नंतर ६४ येत नाही, पुन्हा ० येतो. तुमच्या २४ पैकी १६ बाइट ४८ ते ६३ मध्ये नीट बसले आणि उरलेले ८ बाइट ० ते ७ वर जाऊन पडले, म्हणजे नेमके मशीन नंबरच्या डोक्यावर.

वाचताना मात्र अशी अडवणूक नाही. वाचनाचा पत्ता ६३ नंतर सरळ ६४ वर जातो. ६४ ते ७१ वर नव्या चिपमध्ये कधी काही लिहिलंच गेलेलं नाही, तिथे सगळीकडे `0xFF` आहे, आणि चार `0xFF` एकत्र वाचले की 4294967295 होतात. शेवटचे दोन आकडे तेवढेच बिघडायचं कारण हे. एकेक बाइट लिहीत होतात तेव्हा प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता जात होता, म्हणून ही सीमा तुम्हाला कधी जाणवली नाही.

इलाज सोपा आहे. रेकॉर्ड नेहमी ६४ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू करा आणि तो ६४ पेक्षा मोठा होऊ देऊ नका. नॅनोवर आणखी एक मर्यादा आहे. `Wire` लायब्ररीचा बफर ३२ बाइटचा असतो, त्यातले दोन पत्त्यासाठी जातात, राहतात ३०. तुमचे २४ बसतात. उद्या रेकॉर्डमध्ये तापमान आणि दाब घालून तो ३६ चा केलात, तर वरचे सहा बाइट गुपचूप गळतील आणि तुम्ही परत चिपला दोष द्याल. `Wire.write()` ला अख्खा रेकॉर्ड एकदम दिला तर नॅनोवर ते गळालेले बाइट धरूनच आकडा परत सांगतं, म्हणून `sizeof(rec)` ३० पेक्षा मोठा नाही ना ते आधीच तपासत जा.

आता जुन्या चिपचं. ती का गेली, हे या प्रश्नातलं सगळ्यात शिकण्यासारखं आहे.

24LC256 च्या डेटाशीटमध्ये एक वाक्य आहे, जे घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. पेजमधला एक बाइट जरी लिहिला, तरी चिप बाकीचे ६३ बाइटही आतल्या आत पुन्हा लिहून काढते, म्हणून झिजेची हमी पेजमागे दिली आहे, बाइटमागे नाही. ही हमी १० लाख वेळांची, तीही २५ अंश तापमानाला.

आता हिशोब करा. दर १० सेकंदांनी म्हणजे दिवसाला ८,६४० सेव्ह. एकेका सेव्हमध्ये पहिल्या पेजवर १६ वेळा लेखन आणि दुसऱ्या पेजवर ८ वेळा. पहिल्या पेजला दिवसाला १,३८,२४० फेऱ्या पडत होत्या. दहा लाखांची हमी आठवड्याभरात संपली. त्यानंतरही चिप चार महिने, म्हणजे दीड कोटीच्या वर फेऱ्या चालत राहिली! हमी म्हणजे किमान आकडा, प्रत्यक्षात चिप बरंच जास्त ओढते. पण त्या भरवशावर कुणाला माल देऊ नये. शिवाय तुमचा मशीन नंबर त्याच पेजवर होता. तो तुम्ही एकदाच लिहिलात, पण चिपने तो प्रत्येक वेळी नव्याने लिहिला, म्हणजे त्याचीही तितकीच झीज झाली. कायम राहणारी माहिती आणि सतत बदलणारी माहिती एका पेजवर ठेवू नका.

तास चुकले ते लाइट जाऊन आल्यावरच का दिसले, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असेल. कॉम्प्रेसर चालू असताना आकडा नॅनोच्या रॅममध्ये असतो, चिपमधून तो वाचला जातो फक्त चालू होताना. आणि झिजलेली सेल एका दिवसात मरत नाही. सेलच्या तरंगत्या गेटभोवतीचा ऑक्साइडचा पातळ थर दर फेरीला थोडा थोडा खराब होतो आणि एका टप्प्यानंतर साठवलेला चार्ज त्यातून गळू लागतो. म्हणून लिहून लगेच वाचलं तर बरोबर येतं, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी एखादा बिट उलटलेला सापडतो. पॅनेल गरम असेल तर हे लवकर होतं. लिहिल्यावर लगेच पडताळणी करायची सवय चांगली आहे, पण या आजाराचं निदान तिने होत नाही.

चिप बदलली की हिशोबही बदलतो, हे लक्षात असू द्या. एसटी कंपनीच्या M24256 मध्ये चार-चार बाइटचा गट एकत्र झिजतो, सगळं पेज नाही, आणि हमी २५ अंशांना ४० लाख, ८५ अंशांना १२ लाख अशी आहे. तापमानाने केवढा फरक पडतो तेही यावरून कळतं. तुमच्या हातातल्या चिपचं डेटाशीट उघडून हे दोन आकडे स्वतः बघा, कारण नावात २५६ असलेल्या सगळ्या चिपा सारख्या नसतात.

आता `delay(10)`. तो काढा, पण त्याच्या जागी काहीच न घालता काढू नका. स्टॉप मिळाल्यावर चिप आतलं लेखन सुरू करते आणि त्याला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात तिला हाक मारली तर ती ओ देत नाही, म्हणजे अ‍ॅकचा बिट खाली खेचत नाही. काम संपलं की देते. आपण नुसता तिचा पत्ता पाठवत राहायचं आणि अ‍ॅक येईपर्यंत थांबायचं, यालाच अ‍ॅक पोलिंग म्हणतात.

```cpp
bool eeWait() {
  uint32_t t0 = millis();
  do {
    Wire.beginTransmission(0x50);
    if (Wire.endTransmission() == 0) return true;
  } while (millis() - t0 < 20);
  return false;
}
```

२० मिलिसेकंदांची मर्यादा मुद्दाम घातली आहे. मर्यादा नसलेला पोलिंगचा लूप मी दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच बोर्डांत पाहिलाय. चिपचा एक पाय गंजून सुटला की अख्खा मीटर तिथेच गोठतो आणि मालक सांगतो, ‘डिस्प्ले हँग झाला.’ एसडीए ही डेटाची तारच शॉर्ट होऊन खाली अडकली तर मात्र `Wire` आतल्या आत अडकू शकते आणि हा लूपही सुटका करत नाही. त्यासाठी नवीन एव्हीआर कोअरमध्ये `Wire.setWireTimeout(25000, true);` आहे, `setup()` मध्ये `Wire.begin()` नंतर ती ओळ टाका.

हे फंक्शन कुठे बोलवायचं यालाही महत्त्व आहे. बहुतेक जण लिहून झाल्याबरोबर पोलिंग करतात, म्हणजे परत ३-५ मिलिसेकंद बसून राहणं आलंच. मी ते पुढच्या वेळी चिपला हात लावण्याच्या आधी करतो, मग ती वाचायची असो की लिहायची. तुमच्या दोन सेव्हमध्ये १० सेकंदांचं अंतर आहे, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात अ‍ॅक येईल आणि थांबण्याचा वेळ जवळपास शून्य होईल. आधी तुमचा नॅनो प्रत्येक सेव्हला किमान २४० मिलिसेकंद अडकत होता. बटण कधी कधी दोनदा दाबावं लागत असेल तर त्याचं कारण बहुधा हेच.

टेबलवर तपासताना मात्र एक गंमत करून बघा. मुद्दाम लिहिल्याबरोबर पोलिंग करा आणि कितव्या प्रयत्नाला अ‍ॅक आला ते सीरियल मॉनिटरवर छापा. १०० किलोहर्ट्‌झला एक प्रयत्न साधारण एक दशांश मिलिसेकंदाचा, म्हणजे काही डझन प्रयत्न लागायला हवेत. पहिल्याच प्रयत्नात ओ आली तर आनंद मानू नका, चिपने काही लिहिलेलंच नाही. 24LC256 चा डब्ल्यूपी, म्हणजे लेखन रोखणारा पाय वर असला तर ती पत्ता घेते, डेटा घेते, सगळ्याला अ‍ॅक देते आणि लेखन मात्र सुरूच करत नाही. नुसत्या अ‍ॅकवरून हे कधीच कळलं नसतं, मोजणीवरून कळतं. डब्ल्यूपी पाय मोकळा सोडू नका, थेट ग्राउंडला जोडा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत बोर्डावर ओलसर थर बसतो आणि मोकळा पाय कधी इकडे कधी तिकडे झुकतो. त्यात बर्फ कारखान्यात बहुधा अमोनिया असतो, तो तांब्याला खातो. चिप सॉकेटमध्ये ठेवली असेल तर काढून सोल्डर करा आणि बोर्डाला कोटिंग मारा.

आता झीज वाटून देण्याचं, म्हणजे तुमच्या वेअर लेव्हलिंगचं. इथे माझा आग्रह आहे की आधी लेखनच कमी करा. कॉम्प्रेसर बंद असेल तेव्हा आकडा बदलत नाही, मग लिहिता कशाला? आणि तास मोजताय ते तेल बदलायला आणि सर्व्हिसला, शेकड्यांनी तास झाल्यावर. पावसात दिवसातून चार वेळा लाइट गेली आणि प्रत्येक वेळी मिनिटभराचा हिशोब बुडाला, तर कुणाचं काय बिघडलं? मी दर मिनिटाला लिहीन. पण मालकाला बिलासाठी वगैरे सेकंद मोजायचे असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून पुढचा हिशोब तुमच्या १० सेकंदांचाच धरतो. वाईटात वाईट परिस्थितीत तरी पद्धत टिकते का ते कळेल.

नवशिके एक युक्ती हमखास करतात. रेकॉर्ड फिरवत ठेवतात आणि ‘आत्ता कुठल्या जागी आहे’ हा आकडा पत्ता ० वर लिहितात. म्हणजे दर सेव्हला पत्ता ० परत लिहिला जातो. रेकॉर्डची झीज वाटली गेली आणि आकड्याची जशीच्या तशी राहिली, वर तो आकडा गेला की सगळंच गेलं.

असा आकडा ठेवायची गरजच नाही. प्रत्येक रेकॉर्डमध्ये ३२ बिटांचा एक चढता क्रमांक ठेवा आणि जागा त्या क्रमांकावरूनच काढा. ६४ पेजेस या कामाला द्या, एका पेजवर एकच रेकॉर्ड. पहिली आठ पेजेस मशीन नंबर आणि सेटिंगसाठी मोकळी सोडा.

```cpp
bool saveRec() {
  rec.seq++;
  uint16_t adr = (8 + rec.seq % 64) * 64;
  rec.crc = crc16((uint8_t*)&rec, sizeof(rec) - 2);
  if (!eeWait()) return false;
  Wire.beginTransmission(0x50);
  Wire.write((uint8_t)(adr >> 8));
  Wire.write((uint8_t)(adr & 0xFF));
  Wire.write((uint8_t*)&rec, sizeof(rec));
  return Wire.endTransmission() == 0;
}
```

यात `crc`, म्हणजे रेकॉर्ड शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा, हे रेकॉर्डमधलं शेवटचं फील्ड धरलंय, आणि `crc16()` हे फंक्शन तुम्ही घालायचं. क्रमांक आणि सीआरसी धरून सगळं २४ ते ३० बाइटमध्ये बसवा.

चालू होताना ६४ ही रेकॉर्ड वाचायचे, ज्यांचा सीआरसी जुळतो त्यांतला सगळ्यात मोठा क्रमांक घ्यायचा, आणि तिथून पुढे मोजायचं. १०० किलोहर्ट्‌झलासुद्धा हे पाव सेकंदाच्या आत होतं. सीआरसीची सुरुवात `0xFFFF` पासून करा. शून्यापासून केलीत तर सगळे शून्य असलेला रेकॉर्ड ‘बरोबर’ ठरतो. `0xFFFFFFFF` क्रमांक असलेलं पेज कोरं समजून सोडून द्या. क्रमांक १६ बिटांचा ठेवायचा मोह होईल, तो आवरा. दर १० सेकंदांनी ६५,५३६ ची फेरी साडेसात दिवसांत संपते आणि मग ‘सगळ्यात मोठा’ या शब्दाला अर्थ उरत नाही. ३२ बिटांना तुमच्या नातवंडांच्या हयातीतही धक्का लागणार नाही.

हिशोब असा. वर्षाला ३१,५३,६०० सेव्ह, भागिले ६४, म्हणजे एका पेजला वर्षाला ४९,२७५ फेऱ्या. दहा लाखांच्या हमीत २० वर्षं. पॅनेल गरम राहतं म्हणून त्याचं निम्मं धरा, तरी त्याआधी रिले आणि कपॅसिटर जातील. मिनिटाला एकदा लिहिलंत तर हाच आकडा सहापट होतो. ५१२ ची ५१२ पेजेस वापरायची गरज नाही, उगाच चालू व्हायला वेळ लागतो.

काही जण विचारतात की एका पेजमध्ये २४ चे दोन रेकॉर्ड बसतात, मग दुप्पट जागा होतील की. या चिपमध्ये नाही होत. पेजमधल्या कुठल्याही जागी लिहिलं तरी झिजतं सगळं पेज, त्यामुळे एका फेरीत दोनदा झीज. एकूण आयुष्य पेजेसच्या संख्येवर ठरतं, रेकॉर्डच्या नाही. चार बाइटच्या गटाने झिजणाऱ्या चिपमध्ये मात्र हे खरंच फायद्याचं ठरू शकतं.

तरीही मी तिथेही एका पेजवर एकच ठेवतो, आणि त्याचं कारण झीज नाही, लाइट आहे. लेखनाच्या त्या ५ मिलिसेकंदांत सप्लाय कोसळला तर ज्या पेजवर काम चालू होतं त्यातलं काहीही बिघडू शकतं. मागचा चांगला रेकॉर्ड त्याच पेजवर शेजारी असेल तर दोन्ही एकदम जाण्याचा धोका आहे. तो दुसऱ्या पेजवर असेल तर सीआरसी नवा रेकॉर्ड बाद करतो, जुना उचलला जातो आणि तुमचे दहा सेकंद तेवढे जातात.

सप्लायसाठी दोन गोष्टी करा. नॅनो आणि चिप मिळून २० मिलिअँपिअर खातात असं धरलं, तर रेकॉर्ड पाठवायला आणि लिहायला मिळून सुमारे ८ मिलिसेकंद तग धरायचाय, आणि तेवढ्यात व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचं नाही. त्याला ३२० मायक्रोफॅरड लागतात. बाजारात ४७० चा मिळतो, तो ५ व्होल्टच्या लाइनवर लावा. डिस्प्लेचा बॅकलाइट त्याच लाइनवर असेल तर प्रवाह मोजून आकडा वाढवा. दुसरं म्हणजे नॅनोचं ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज पडलं की प्रोसेसरला रीसेटमध्ये धरणारी सोय, सहसा २.७ व्होल्टला लावलेलं येतं. १६ मेगाहर्ट्‌झला तेवढ्या व्होल्टेजवर प्रोसेसरचा भरवसा नसतो आणि तो भलत्याच पत्त्यावर लिहू शकतो. प्रोग्रामर असेल तर ते फ्यूज बदलून ४.३ व्होल्टला आणा.

याहून जास्त वेळा लिहायचं असेल, सेकंदाला वगैरे, तर मग या सगळ्या खटाटोपात पडू नका. FM24W256 सारखी एफरॅम चिप घ्या. बोलायची पद्धत हीच, लिहायला थांबावं लागत नाही आणि सहनशक्ती १०¹⁴ फेऱ्यांची. महाग पडते आणि किरकोळ दुकानात मिळेलच असं नाही. तासमीटरला तिची गरज मला दिसत नाही. घेतलीत तरी सीआरसी आणि दोन जागी रेकॉर्ड हे ठेवाच, कारण अर्धवट रेकॉर्ड तिथेही राहू शकतो.

एक सोय मात्र नक्की करा. चालू होताना एकही रेकॉर्ड बरोबर सापडला नाही तर गुपचूप ० पासून सुरुवात करू नका. डिस्प्लेवर रेघा दाखवा आणि जुने तास हाताने भरायला मेनूत जागा ठेवा. नाहीतर ऑपरेटरला वाटेल की कॉम्प्रेसर नवाकोरा आहे, आणि तेल बदलायची वेळ निघून जाईल.

आणि काढलेली जुनी चिप फेकू नका. तिची पहिली दोन पेजेस झिजली आहेत, बाकीची ५१० अजून जवळजवळ नवीन आहेत. कारखान्यात परत लावायची नाही, पण नवा कोड टेबलवर तपासायला ती उत्तम. पहिल्या पेजवर एक ठरावीक नमुना लिहा, दहाव्यावर तोच लिहा, दोन्ही लगेच वाचून घ्या आणि चिप आठवडाभर गरम जागी ठेवून परत वाचा. दहावं पेज जसंच्या तसं आणि पहिल्यात बिट उलटलेले निघाले, तर चिप झिजूनच गेली होती हे पक्कं. दोन्ही ठीक निघाली तर जुन्या बिघाडाचं कारण सप्लायमध्ये शोधा, आणि ते ब्राउनआउटचं काम सगळ्यात आधी करा.